अ‍ॅनिमेशनमध्ये ओनियन स्किन लावूनही कॅरेक्टरची चाल का बिघडते?

प्र. टूजवर केलेलं काम स्वस्तातलं दिसतं असं एका रीलमध्ये ऐकलं, खरंय का?

उ. नाही. रीलवाल्यांचं सोडा. टूज म्हणजे २४ फ्रेमच्या सेकंदात एक चित्र दोन फ्रेम धरायचं, म्हणजे १२ चित्रं, हातानं काढलेल्या कितीतरी फिल्म्स अशाच झाल्यात. फक्त बॅकग्राउंड दर फ्रेमला सरकत असेल तर टूजवरचा पाय जमिनीवर थरथरतो, तेव्हा कॅमेरा कोण करतंय त्याच्याशी आधी बोला.

प्र. लूप फिरला की दर वेळी एक हिसका बसतो.

उ. शेवटी पहिल्याच चित्राची कॉपी ठेवली असेल, उडवा ती.

प्र. ओनियन स्किन लावून, म्हणजे आधीचं-नंतरचं चित्र फिकट दिसत ठेवून, दोन पोझच्या बरोब्बर मधोमध रेषा काढतो, तरी कॅरेक्टर चालत नाही, नुसतं सरकतं.

उ. मधोमध काढताय म्हणूनच! काँटॅक्टला, म्हणजे पुढची टाच टेकते त्या पोझला, दोन्ही पाय फाकलेले असतात म्हणून कंबर खाली असते, आता तशा दोन काँटॅक्टच्या मध्ये रेषा टाकली की कंबर त्याच उंचीवर राहते आणि खालचा सरळ उभा पाय मावतच नाही, मग तुम्ही तो नकळत आखूड करता. पासिंग, म्हणजे एक पाय दुसऱ्याला ओलांडतो ती मधली पोझ, काढताना ओनियन स्किन चक्क बंद करा. काँटॅक्टमधल्या पायाची लांबी मोजा, टाच जमिनीच्या रेषेवर ठेवा, पाय उभा करा आणि त्याच्या वर कंबर बसवा, ती आपोआप वर जाते. मग डाऊन, म्हणजे काँटॅक्टनंतर पुढचा गुडघा वाकून वजन घेतो ती सगळ्यात खालची पोझ, आणि पासिंगनंतर टाच उचलून ढकलतो ती अप, सगळ्यात वरची. आता सगळी ओनियन स्किन लावा आणि प्रत्येक चित्रात डोक्यावर एक ठिपका द्या. ठिपके लाटेसारखे वरखाली जायला हवेत, सगळे एकाच उंचीवर आले तर तुमचं कॅरेक्टर चाकांवर आहे. जागच्या जागी चालवत असाल तर टेकलेला पाय प्रत्येक चित्रात सारख्याच अंतरानं मागे जातोय ना तेही बघा, नाहीतर घसरणार. तरी अडलंच तर पेन्सिल टेस्ट, म्हणजे रफ चित्रं चालवून केलेला व्हिडिओ, रोज हे काम करणाऱ्या कुणालातरी दाखवा, कमेंटमध्ये स्क्रीनशॉट टाकून चाल कळत नाही.

प्र. पाऊल १२ फ्रेमचं घेतलं तर डाऊन ४ वर आणि अप १० वर येतं, पण टूजवर माझी चित्रं १, ३, ५, ७, ९, ११ वर आहेत. काय करू?

उ. डाऊन ३ वर घेतलं तर वजन पटकन पडतं, माणूस जड वाटतो, ५ वर घेतलं तर मऊ. अपचंही तसंच, ९ किंवा ११. नवीन असाल तर सरळ १६ फ्रेमचं पाऊल घ्या: काँटॅक्ट १, डाऊन ५, पासिंग ९, अप १३ आणि १७ ला दुसऱ्या पायाचा काँटॅक्ट. प्रत्येक दोन पोझच्या मध्ये एकच चित्र उरतं. चाल थोडी निवांत होईल, सीनला चालेल का ते डिरेक्टरला विचारून घ्या.

प्र. रेडीमेड वॉक सायकलचा पॅक विकत घेऊन ट्रेस केला तर?

उ. पैसे वाचवा. त्यातल्या पायांची लांबी तुमच्या कॅरेक्टरची नाही, वर सांगितलेला घोळ परत तिथूनच सुरू.

प्र. क्लीनअप आणि रंग झाल्यावर पाय घसरतोय हे लक्षात आलं, आता?

उ. आता कशाला, रफ असताना चालवून बघायचं होतं! रफवर परत जा, आणि पुढचा रंग भरायच्या आधी कुणालातरी दाखवा.