फुप्फुसात कार्बन डायऑक्साइड तयार होत नाही

प्रश्न: मी दहावीत आहे. चाचणीत 'श्वसन कुठे होते?' याचं उत्तर मी 'फुप्फुसात' लिहिलं, तर बाईंनी 'पेशीत' असं दुरुस्त केलं. पण ऑक्सिजनचा कार्बन डायऑक्साइड फुप्फुसातच होतो ना?

उत्तर: नाही होत. किंबहुना आपण घेतलेल्या ऑक्सिजनचा थेट कार्बन डायऑक्साइड शरीरात कुठेच होत नाही. त्याचं पाणी होतं. हे पटलं की बाकीचा गोंधळ सुटेल.

समज, तू सकाळी पोहे खाऊन पर्वती चढतोयस. छाती भात्यासारखी हलतेय, हा श्वासोच्छ्वास. बरगड्यांचे स्नायू आणि श्वासपटल मिळून हवा आत-बाहेर करतात, बस. आत जाणाऱ्या हवेत ऑक्सिजन सुमारे 21 टक्के असतो, बाहेर येणाऱ्या हवेत साधारण 16 टक्के. कार्बन डायऑक्साइड मात्र 0.04 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या आसपास जातो. आकडे एकमेकांना जुळल्यासारखे दिसतात, म्हणून वाटतं की एकाचं दुसऱ्यात रूपांतर झालं. फुप्फुसातल्या वायुकोशांत फक्त देवाणघेवाण होते: ऑक्सिजन रक्तात जातो आणि आधीच तयार होऊन आलेला कार्बन डायऑक्साइड रक्तातून हवेत येतो.

तो तयार झाला मांडीच्या स्नायूत. पोह्यांतल्या पिष्टाचं ग्लुकोज झालं आणि रक्तातून त्या पेशीत पोचलं. ग्लुकोजमध्ये कार्बनचे सहा अणू असतात. पेशीद्रवात त्याचे तीन-तीन कार्बनचे दोन तुकडे होतात, त्यांना पायरुविक आम्ल म्हणतात. या टप्प्यात एटीपीचे, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या संयुगाचे, निव्वळ दोनच रेणू मिळतात आणि ऑक्सिजन लागत नाही. मग हे तुकडे पेशीचं ऊर्जाघर असलेल्या तंतुकणिकेत जातात. तिथे प्रत्येक तुकड्यातला एक कार्बन क्रेब चक्र या अभिक्रियांच्या फेऱ्याआधीच कार्बन डायऑक्साइड होऊन सुटतो. चक्रात आणखी दोन सुटतात. म्हणजे एका ग्लुकोजमागे कार्बन डायऑक्साइडचे सहा रेणू झाले, आणि तू श्वासावाटे घेतलेल्या ऑक्सिजनला अजून कोणी हातही लावलेला नाही!

त्याचं काम शेवटी येतं. वाटेत ग्लुकोजमधून काढून घेतलेले हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन एका साखळीतून पुढे सरकतात. साखळीच्या टोकाला ऑक्सिजन ते स्वीकारतो आणि पाणी बनतं. बहुतेक एटीपी याच साखळीच्या जोरावर तयार होतं. टोकाला ऑक्सिजन नसेल तर साखळी तुंबते आणि तिच्यामागे क्रेब चक्रही थांबतं.

समीकरण असं लिहून बघ:

C6H12O6 + 6O2 + 6H2O → 6CO2 + 12H2O

उजवीकडच्या कार्बन डायऑक्साइडमध्ये ऑक्सिजनचे बारा अणू आहेत. त्यातले सहा ग्लुकोजचे, सहा डावीकडच्या पाण्याचे. आपण घेतलेल्या 6O2 चे बारा अणू गेले बारा पाण्यांत. पुस्तकात दोन्ही बाजूंचं सहा-सहा पाणी वजा करून छोटं समीकरण देतात आणि नेमकी हीच गोष्ट झाकली जाते.

आता श्वास रोखून धर. श्वासोच्छ्वास थांबला, पण पेशींतलं श्वसन चालूच आहे. त्यामुळे रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो, मेंदूतल्या श्वसनकेंद्राला ते कळतं आणि श्वास घ्यावाच लागतो. ती घुसमट मुख्यतः या साचण्याची असते, ऑक्सिजन संपल्याची नव्हे. आणखी एक गंमत बघ. ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या तांबड्या पेशीत तंतुकणिका नसतातच. आयुष्यभर ऑक्सिजनची हमाली करायची आणि स्वतः मात्र ग्लुकोजच्या त्या पहिल्या टप्प्यावर भागवायचं!

तुझ्या चाचणीतला प्रश्न मोघम होता, हे माझं मत. पण दुरुस्ती बरोबर आहे. पुन्हा आला तर लिही: शरीरस्तरावर वायूंची देवाणघेवाण फुप्फुसात होते, पेशीस्तरावरचं श्वसन पेशीद्रवात आणि तंतुकणिकेत होतं.

घरी पाहायचं असेल तर पानाच्या टपरीवरून थोडा चुना आण. पाण्यात ढवळून, झाकून रात्रभर ठेव आणि वरची स्वच्छ निवळी अलगद काढून घे. चुना डोळ्यांजवळ नेऊ नकोस. दोन बरण्या घे. एकीत मोड आलेले मूग, दुसरीत तसेच मूग उकडून गार केलेले. प्रत्येकीत निवळीची छोटी वाटी ठेवून झाकण घट्ट लाव. मुगाला नाक नाही, फुप्फुस नाही, तरी मोडांनी सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे काही तासांत त्यांच्या बरणीतली निवळी दुधाळ होईल. उकडलेल्या बरणीत फार तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पातळ साय धरेल. पण बरण्या रात्रभर ठेवून सकाळी तुलना करू नकोस. तोवर उकडलेल्या मुगावर जिवाणू वाढतात, त्यांचंही श्वसन सुरू होतं आणि दोन्ही निवळ्या सारख्याच पांढऱ्या दिसू शकतात.