गणितातले 46 मार्क कुणी विचारलेच नाहीत

प्रश्न : बारावी झाली आहे. पुढे कोणता कोर्स करू? प्लीज लवकर सांगा.

एवढ्यावर जो कोर्सचं नाव सांगेल, त्याचं ऐकू नका. माझ्या वडिलांनी नेमका असाच प्रश्न फोनवर काकांना विचारला होता. काका म्हणाले, "71 टक्के आहेत ना? मग इंजिनिअरिंगला घाल." दोन मिनिटांत विषय संपला. त्या 71 टक्क्यांत जीवशास्त्राचे 88 होते आणि गणिताचे 46, हे त्यांनी विचारलं नाही आणि वडिलांनीही सांगितलं नाही.

पहिल्या वर्षी एम-टूचा, म्हणजे इंजिनिअरिंगच्या गणिताचा दुसरा पेपर राहिला. डबल इंटिग्रेशनमध्ये क्रम बदलायचा तर आधी क्षेत्राची आकृती काढावी लागते. मला वक्ररेषा आणि सरळ रेषा कुठे छेदतात हेच सापडायचं नाही, मग पुढच्या मर्यादा चुकणारच. केटी घेऊन दुसऱ्या वर्षात गेलो, तिथे एम-थ्री. आमच्याकडे पहिल्या वर्षाचे सगळे विषय सुटल्याशिवाय तिसऱ्या वर्षाला प्रवेश नव्हता. एम-टू सुटेना, वर्ष गेलं. वर्ष वाया गेलं तरी खोलीचं भाडं, मेस आणि परीक्षा फी चालूच होती. वडिलांनी हिशेब फक्त पहिल्या वर्षाच्या फीचा केला होता. शेवटी सोडलं आणि मायक्रोबायोलॉजीला बीएस्सी केलं. आज लॅबमध्ये आहे. प्लेटवरची कॉलनी बघून काहीतरी बिनसलंय हे मला लगेच कळतं, त्यासाठी घोकावं लागत नाही.

काका अजून म्हणतात, "तू कष्ट घेतले नाहीस." काका, एम-टूला मी तीनदा बसलो, रोज पहाटे उठून तीच उदाहरणं सोडवत होतो.

तेव्हा टक्केवारी बाजूला ठेवा आणि विषयवार मार्क बघा. डोक्यात जो कोर्स आहे त्याच्या पहिल्या वर्षाच्या जुन्या प्रश्नपत्रिका मिळवा आणि त्यातला सगळ्यात अवघड विषय घेऊन आठवडाभर बसा. समजायला वेळ लागला तर हरकत नाही, पण सातव्या दिवशीही पुस्तक उघडायची इच्छा होते का, ते बघा. आवड म्हणजे मी एवढंच धरतो. खर्च मांडताना पूर्ण कोर्सचा मांडा, त्यात एक जादा वर्ष धरा. घरून जाऊन-येऊन जमणार की बाहेर राहावं लागणार, यावर तो आकडा कितीतरी बदलतो, म्हणून शहर आधी सांगायचं.

गणितात कमी मार्क असलेला प्रत्येकजण अडकतो असं नाही. माझा रूममेट बारावीत आजारपणामुळे मागे पडला होता, त्याचा एम-थ्री पहिल्या फटक्यात सुटला. तुमचे मार्क कशामुळे कमी किंवा जास्त आले, हेही लिहा. मग नाव सांगतो.