येतं सगळं, पण कुठे काय वापरायचं?

"मॅडम, पोरगी दहावीला आहे. रोज गणित करते. घरी तपासलं तर सरावसंचातली जवळपास सगळी उत्तरं बरोबर. दिवाळीनंतर क्लासने पूर्ण भूमितीचा पेपर घेतला, तर चाळीसपैकी चौदा! 'आई, येत होतं गं, सुचलंच नाही' म्हणते अन् रडून राहिली. हिला पेपरची भीती बसली का?"
– एक आई, नंदनवन, नागपूर

भीती आहे की आणखी काही, हे आधी पाहायला हवं होतं. म्हणून मुलीला घेऊन या म्हटलं. आल्यावर तिच्यासमोर एक कागद ठेवला. घड्याळ नाही, गुण नाहीत, हवा तेवढा वेळ घे म्हटलं. कागदावर चार उदाहरणं होती आणि कोणतं कुठल्या प्रकरणातलं, हे लिहिलेलं नव्हतं.

पहिलं: १० मीटर लांबीची शिडी भिंतीला ८ मीटर उंचीवर टेकते, तर तिचा पाया भिंतीपासून किती दूर? दुसरं: १० मीटरचीच शिडी जमिनीशी ६०° कोन करते, तर ती किती उंचीवर टेकेल? तिसरं: ६ मीटरच्या खांबाची सावली ४ मीटर पडते, त्याच वेळी मनोऱ्याची सावली २८ मीटर आहे, तर मनोरा किती उंच? चौथं: ६ सेमी त्रिज्येच्या वर्तुळाच्या केंद्रापासून १० सेमी दूर असलेल्या बिंदूतून काढलेल्या स्पर्शिकाखंडाची लांबी किती?

पहिलं तिने लगेच सोडवलं, ६ मीटर. दुसऱ्यातही पायथागोरसच लावला, आणि दुसरी बाजू सापडेना म्हणून तिथेच थांबली. तिसऱ्यात सावली दिसल्याबरोबर त्रिकोणमितीकडे वळली आणि उन्नत कोन शोधत बसली. चौथं कोरं.

मग मी पेन्सिलने प्रत्येक उदाहरणाशेजारी प्रकरणाचं नाव लिहिलं: पायथागोरस, त्रिकोणमिती, समरूपता, वर्तुळ. बाकी एक शब्दही बोलले नाही. तिने तिन्ही सोडवली. ५√३ मीटर, ४२ मीटर, ८ सेमी. चौथ्यात तर आकृती काढून, त्रिज्या स्पर्शिकेला लंब असते हे कारणही लिहिलं. भीतीने सगळं विसरणाऱ्या मुलाला प्रकरणाचं नाव वाचून एवढं आठवत नाही. सूत्रं पक्की, आकडेमोड पक्की. कुठे काय लावायचं, एवढंच येत नव्हतं, कारण ते तिने कधी केलेलंच नव्हतं.

पाठ्यपुस्तकात सरावसंच पायथागोरसच्या प्रकरणात असतो, तेव्हा त्यातलं प्रत्येक उदाहरण पायथागोरसचंच असणार हे मुलांना न वाचताही कळतं. मुलं आकडे उचलतात, सूत्रात घालतात. प्रकरणाच्या शेवटचा संकीर्ण प्रश्नसंग्रहही त्याच प्रकरणापुरता संकीर्ण असतो. पद्धत निवडायचं काम प्रकरणाच्या नावानेच आधी करून ठेवलेलं असतं, आणि पेपरात नेमकं तेच नसतं.

उपाय साधाच होता. तिने समरूपता, पायथागोरस, वर्तुळ आणि त्रिकोणमिती या शिकून झालेल्या प्रकरणांतली उदाहरणं चिठ्ठ्यांवर उतरवली. पुढे फक्त प्रश्न, मागे प्रकरण आणि उत्तर. रोज आठ चिठ्ठ्या, एकाच प्रकरणाच्या दोन लागोपाठ येऊ द्यायच्या नाहीत. सोडवण्याआधी एक ओळ लिहायची: कुठली पद्धत आणि का. आणि प्रत्येक उदाहरण झालं की लगेच चिठ्ठी उलटून पाहायची, कारण तपासल्याशिवाय सरमिसळ केली तर चुकीची निवडच पक्की होत जाते.

खरं काम त्या एका ओळीत होतं. सुरुवातीला ती लिहायची, "शिडी आहे म्हणून पायथागोरस." शिडी हे कारण नाही, हे तिला सांगून पटलं नसतं. म्हणून आम्ही जुळी उदाहरणं केली. मनोऱ्याची सावली तशीच ठेवली, खांब काढून टाकला आणि सूर्याचा उन्नत कोन ६०° दिला. गोष्ट तीच, पद्धत बदलली. हळूहळू ओळी बदलल्या: "काटकोन त्रिकोण, दोन बाजू माहीत, तिसरी हवी." "एक बाजू आणि कोन दिलाय." "दोन त्रिकोण आहेत, कोन सारखे, बाजूंचं गुणोत्तर घेता येईल." आता ती वस्तू न पाहता काय दिलंय आणि काय हवंय ते पाहू लागली.

काही दिवसांनी आईचा फोन आला. "मॅडम, हिचं तर अजून बिघडलं. आधी दहाला दहा यायची, आता आठातली चार-पाचच बरोबर येऊन राहिली." हा फोन येणार हे मला ठाऊक होतं, बहुतेक पालक इथेच हा सराव बंद करतात. मी त्यांना अमेरिकेतल्या रोहरर आणि टेलर या संशोधकांचा २००७चा प्रयोग सांगितला. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना चार अनोळखी घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. एका गटाने एकेका आकृतीची उदाहरणं सलग सोडवली, दुसऱ्याने सरमिसळ करून. सराव करताना सलगवाल्यांची ८९ टक्के उत्तरं बरोबर आली, सरमिसळवाल्यांची ६०. आठवड्याने परीक्षा घेतली तर सलगवाले २० टक्क्यांवर, सरमिसळवाले ६३ टक्क्यांवर. रोजच्या वहीतले दहापैकी दहा पाहून पेपरचा अंदाज बांधू नका, एवढंच मी आईला म्हटलं.

तरीही चुकांकडे डोळेझाक करायची नव्हती. वहीत दोन रकाने केले: "पद्धत चुकली" आणि "पद्धत बरोबर, सोडवताना चुकलं". पहिला रकाना कमी होत गेला तर सराव लागू पडतोय असं समजायचं. दुसऱ्यात एकाच प्रकरणाच्या चुका साठल्या तर सरमिसळ थांबवून तेवढं प्रकरण सलग घोटायचं. हिच्याबाबतीत त्रिकोणमितीतील नित्यसमानता दुसऱ्या रकान्यात दिसत होत्या. त्या सिद्ध करताना sin आणि cos मध्ये कधी रूपांतर करायचं हेच तिला नीट कळलं नव्हतं. चिठ्ठ्यांनी ते कळणार नव्हतं. क्लासच्या सरांकडे बसून ते समजून घेतलं, चार-पाच उदाहरणं लागोपाठ केली आणि मगच त्या चिठ्ठ्या गठ्ठ्यात टाकल्या. नवीन धड्यालाही हाच क्रम ठेवायचा: शिकवलं त्या दिवशी तीन-चार उदाहरणं सलग, उरलेली पुढच्या आठवड्यांत विखरून.

कशाचीही कशाशीही सरमिसळ करून मात्र उपयोग नाही. भौमितिक रचनेचा प्रश्न "काढा" म्हणतच समोर येतो, तिथे निवडायला काही उरत नाही. गठ्ठ्यात एकमेकांसारखीच दिसणारी उदाहरणं हवीत. आणि चिठ्ठ्या पाठ व्हायला लागल्या की आकडे बदलायचे किंवा जुन्या प्रश्नपत्रिकांतली उदाहरणं घ्यायची. यासाठी वेळ वेगळा काढावा लागत नाही, करायची ती उदाहरणं तेवढीच राहतात, क्रम बदलतो.

शाळेच्या पूर्वपरीक्षेत भूमितीत तिला सत्तावीस मिळाले. गेलेल्या गुणांत पद्धत चुकल्याने गेलेला एकच प्रश्न होता, बाकीचे सिद्धतेच्या पायऱ्या गाळल्याचे. आता बीजगणिताचा गठ्ठा सुरू आहे. "दोन क्रमागत सम नैसर्गिक संख्यांचा गुणाकार १६८ आहे" हे वाचून तिने परवा "क्रमागत" शब्दाखाली रेघ मारली आणि अंकगणिती श्रेढी लिहिली. मग "गुणाकार" शब्दाशी थांबली, ते खोडलं, x(x + 2) = 168 मांडलं आणि शेजारी कारण लिहिलं: "बेरीज नाही, गुणाकार दिलाय, म्हणून वर्गसमीकरण."