अर्धा पगार नंतर देणारं स्टार्टअप: जावं का?

"संभाजीनगरात पाच जणांचं स्टार्टअप आहे. पगार ३० हजार, पण पहिले सहा महिने निम्माच. उरलेला फंडिंग आल्यावर देणार म्हणतात. जॉइन करू का?"

"फंडिंग आल्यावर" ही तारीख नव्हे. सहा महिन्यांत तुमचे ९० हजार अडकतील आणि फंडिंग आलंच नाही, तर ते मागायला कागदावर काहीच नसेल. ऑफर लेटरमध्ये पक्की तारीख लिहून घ्या. मध्येच तुम्ही सोडलं किंवा त्यांनी काढलं तरी थकलेला पगार शेवटच्या हिशेबात मिळेल, हेही लिहून घ्या. हे वाक्य नव्हतं म्हणून माझ्या अडीच महिन्यांच्या पगारावर पाणी सोडावं लागलं.

मग मालकाला सरळ विचारा: बँकेत किती आहे, महिन्याचा खर्च किती? समजा १२ लाख आहेत आणि खर्च ३ लाख, तर कंपनी चारच महिने चालेल, आणि तुमचा थकलेला पगार त्यात धरलेलाही नसेल. असं असेल तर मी नाही म्हणेन. आकडा सांगायला टाळाटाळ केली तरीही.

दहा-बारा महिन्यांची सोय दिसली, तर स्वतःचं गणित मांडा. १५ हजारांत रूम, मेस आणि पेट्रोल भागतं का? घरून पैसे मागवावे लागणार असतील, तर सोयाबीन विकून आलेला पैसा या कंपनीत गुंतवताय असंच समजा.