‘टक्क्यांनी’ की ‘टक्क्यांवर’? सात एकच, उत्तरे तीन

प्रश्न: मी नागपूरच्या एका दैनिकात व्यापार पान बघते. ‘जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर, नमकीन ७ टक्क्यांनी स्वस्त’ असे शीर्षक दिले. एका वाचकाचा फोन आला की कर तर ५८ टक्क्यांनी कमी झालाय. आमच्या कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणतो, फरक सहा टक्क्यांचाच आहे. तिघांत बरोबर कोण? आणि ‘टक्क्यांनी’ हा शब्द नेमका कधी वापरायचा?

उत्तर: वाचक बरोबर आहे, दुकानदारही बरोबरच्या जवळ आहे. चुकले ते फक्त शीर्षक, तेही उत्तरार्धात.

कागदावर मांडून बघा. चिवड्याच्या पाकिटाची कराआधीची किंमत १०० रुपये धरू. पूर्वी त्यावर १२ रुपये कर लागून ते ११२ ला मिळायचे. २२ सप्टेंबर २०२५ पासून कर ५ रुपये, म्हणजे पाकीट १०५ ला. गिऱ्हाइकाचे ७ रुपये वाचले, पण ते ११२ मधून वाचले. सातला ११२ ने भागले की सव्वासहा टक्के येतात. हा झाला दुकानदाराचा आकडा. वाचकाने सात भागले १२ ने, कारण त्याच्या डोक्यात कराची रक्कम होती: १२ रुपये भरत होतो, आता ५ भरतो. ते ५८.३३ टक्के. आणि तुमच्या शीर्षकातले ७ हे कशालाही न भागता आलेले आहे, ती नुसती वजाबाकी आहे. ‘जीएसटीचा दर ७ ने उतरला’ इथपर्यंत ती चालते. ‘नमकीन ७ टक्क्यांनी स्वस्त’ म्हटले की मोडते.

शंभर ही संख्या सोयीची म्हणून घेतली. प्रत्यक्षात पाकिटावर करासहित किंमत छापलेली असते, आणि बातमीदार हमखास घसरतो तो तिथेच. समजा पाकीट ५६ रुपयांचे आहे. तो ५६ चे ७ टक्के काढतो, ३ रुपये ९२ पैसे, आणि नवी किंमत ५२ रुपये ८ पैसे लिहून मोकळा होतो. आधी कर बाहेर काढायला हवा: ५६ भागिले १.१२, म्हणजे ५०. त्यावर ५ टक्के चढवले की ५२ रुपये ५० पैसे. फरक ४२ पैशांचा, पण दुसऱ्या दिवशी दुकानात वाद घालायला तेवढा पुरतो, आणि गिऱ्हाईक पुरावा म्हणून आपलेच कात्रण दाखवते.

याच बातमीची दुसरी बाजूही बघा. ५ आणि १० रुपयांच्या पाकिटांची किंमत तशीच ठेवून वजन वाढवण्याचा मार्ग बऱ्याच कंपन्यांनी घेतला. तिथे तीच करकपात वजनाच्या भाषेत येते. ३० ग्रॅमचे पाकीट त्याच पैशात ३२ ग्रॅमचे झाले तर वाढ २ ग्रॅमची, म्हणजे ६.६७ टक्क्यांची. किंमत ६.२५ ने उतरते आणि वजन ६.६७ ने वाढते, यात कुणाची चलाखी नाही. सात तेच, पण पहिल्यात छेद ११२ आहे, दुसऱ्यात १०५. बातमीत दोन्ही आकडे आले तर उपसंपादक एक ‘सुधारून’ दुसऱ्यासारखा करून टाकतो, असे मी पाहिले आहे. खरे सांगायचे तर केलेही आहे.

आता शब्दाकडे येतो, कारण मूळ घोटाळा तिथे आहे. शाळेत आपण सगळ्यांनी ‘द.सा.द.शे.’ घोकले. दर साल, दर शेकडा. त्या जुन्या शब्दयोजनेत शेकडा कशाचा हे सांगितल्याशिवाय वाक्य पुढे सरकत नसे: मुद्दलाच्या प्रत्येक शंभरामागे, वर्षाला इतके. ‘टक्का’ने ती जागा घेतली आणि ‘कशामागे’ हा प्रश्न गळून पडला. शिवाय मराठीत टक्का एकाच वेळी दोन कामे करतो. ‘मतदानाचा टक्का घसरला’ म्हणतो तेव्हा टक्का हीच मोजलेली वस्तू असते. ‘भाव तीन टक्क्यांनी घसरला’ म्हणतो तेव्हा वस्तू भाव असते आणि टक्का नुसते माप. म्हणून ‘मतदानाचा टक्का तीनने घसरला’ आणि ‘मतदान तीन टक्क्यांनी घसरले’ ही दोन वाक्ये कानाला सारखी वाटली तरी हिशेबात वेगळी आहेत. ६० वरचा टक्का पहिल्यात ५७ वर येतो, दुसऱ्यात काटेकोर हिशेबाने ५८.२ वर.

जी गोष्ट मुळातच टक्क्यात मोजतात (व्याजदर, कराचा दर, महागाईचा दर, नफ्याचे प्रमाण, भागभांडवलातला हिस्सा) तिच्याबाबत ‘टक्क्यांनी’ हा शब्द संशयाने बघा. अशा ठिकाणी मी ‘वरून’ आणि ‘वर’ यांचीच जोडी लावतो: १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर. दोन्ही टोके छापली की वाचक फसत नाही. फरक वेगळा सांगायचाच असेल तर ‘टक्केबिंदू’ हा शब्द आहे, पण सामान्य वाचक त्यावर अडखळतो. रेपो दराच्या बातमीत तर त्याची गरजच पडत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने हा दर ६.५० वरून ६.२५ वर आणला. इंग्रजी मजकुरात २५ बेसिस पॉइंट येतात. आपल्याकडे ‘पाव टक्का’ हा तयार शब्द आहे. ‘रेपो दरात पाव टक्का कपात’ याचा कुणी ६.५० चा पाव टक्का असा अर्थ लावत नाही. पुढे जूनमध्ये दर ६ वरून साडेपाचवर आला, तो ‘अर्धा टक्का’. पाव, अर्धा, पाऊण ही आपली मापे टक्केबिंदूचे काम चोख करतात, फक्त त्यांना शीर्षकात जागा द्यायला हवी.

याउलट रुपयांत, क्विंटलमध्ये, नगांत मोजलेल्या गोष्टीला ‘टक्क्यांनी’ चालतो, मात्र छेद जुना हवा. विदर्भातल्या पानावर दरवर्षी येणारी बातमी घ्या. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०२४-२५ साठी क्विंटलला ७,५२१ रुपये होता, २०२५-२६ साठी ८,११० झाला. वाढ ५८९ रुपयांची. कॉपीत ‘७.२६ टक्के वाढ’ असे आले तर समजावे की ५८९ ला नव्या ८,११० ने भागले आहे. जुन्या ७,५२१ ने भागा, ७.८३ येते. पडताळायला उलट जायचे: ७,५२१ ला १.०७२६ ने गुणले तर ८,०६७ येतात, ८,११० नव्हे. टेबलावरचा साधा कॅल्क्युलेटर पुरे, पण गुणाकार करायचा तो जुन्या आकड्याचाच. बातमीत जुना आकडाच नसेल तर मी टक्केवारी छापत नाही, बातमीदाराला फोन करतो. तो ‘प्रेस नोटमध्ये तसंच आहे भाऊ’ म्हणाला तरी.

याच बातमीत एकक डोळ्यांत तेल घालून बघावे. हमीभाव असतो सरकीसकट कापसाचा, क्विंटलमध्ये. बाजारातून येतो तो रुईचा भाव, खंडीत, आणि एक खंडी साधारण ३५६ किलोची. उत्पादन येते गाठीत, एक गाठ १७० किलो रुईची. ‘कापूस ५० हजारांवर’ असे वाक्य आले की आधी विचारायचे, कापूस की रुई आणि क्विंटल की खंडी. ‘कापूस’ हा शब्द बोलण्यात दोन्हींना चालतो, व्यापार पानावर नाही.

पटीचे थोडक्यात. ‘तिप्पट झाले’ लिहा, ‘तिपटीने वाढले’ टाळा. दुसऱ्याचा अर्थ निम्मे वाचक तिप्पट घेतात, निम्मे चौपट. तिप्पट म्हणजे २०० टक्के वाढ. ३०० टक्के वाढ म्हणजे चौपट. आणि ‘तिपटीने घसरले’ तर कधीच नाही. कळमन्याच्या बाजारात संत्र्याचा भाव किलोला ६० वरून २० वर आला तर तो ‘एक तृतीयांशावर’ आला. एका दैनिकात मी रात्रपाळीला असताना अशाच बातमीला ‘संत्र्याचे भाव २०० टक्क्यांनी कोसळले’ असे शीर्षक गेले होते. तपासणी माझ्याकडेच होती. बातमीदाराने ४० ला नव्या २० ने भागले होते. १०० टक्के कोसळले तरी माल फुकट होतो. त्यापुढे जायचे तर शेतकऱ्याने संत्रा देऊन वर पैसेही द्यायला हवेत. सकाळी एका अडत्याने फोन करून, ‘कुठे मिळते हो अशी संत्री, गाडी पाठवतो’ असे विचारले.

चलनात माझा नेम एकच आहे. एजन्सीच्या मजकुरातला बिलियन आधी अब्ज करायचा, मग कोटी: एक अब्ज म्हणजे १०० कोटी. ट्रिलियन म्हणजे एक लाख कोटी. थेट बिलियनवरून कोटीवर उडी मारताना शून्य सांडते. आणि रक्कम डॉलरमध्ये असेल तर रुपयांचा आकडा कोणत्या दिवसाच्या दराने काढला ते बातमीदाराकडून लिहून घ्यायचे.

तुमच्या शुद्धिपत्राचा मजकूर मी असा देईन: ‘नमकीनवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. कपातीचा पूर्ण लाभ दिल्यास पाकिटाची किंमत सव्वासहा टक्क्यांनी कमी होते. कालच्या अंकात ही घट ७ टक्के अशी छापली होती.’ ‘पूर्ण लाभ दिल्यास’ हे तीन शब्द जागेअभावी कापू देऊ नका. कर सरकार उतरवते, किंमत कंपनी उतरवते, आणि कालच्या शीर्षकात या दोन्ही गोष्टी एकच मानल्या होत्या.