बेव्हल गिअरच्या जोडीचे पिच कोन अँगल दातांवरून कसे काढायचे?

शाफ्ट ९० अंशात आहेत, पिनियनला १८ दात आणि गिअरला ३६. दोघांचे पिच कोन अँगल किती येतील?

पिनियनचा २६.५७ अंश आणि गिअरचा ६३.४३ अंश. पिनियनचे दात भागिले गिअरचे दात, त्याचा टॅन इन्व्हर्स घ्यायचा, atan(18/36), आणि तो ९० मधून वजा केला की गिअरचा मिळतो. असं का, तर दोन्ही पिच शंकूंचं टोक एकाच बिंदूत येतं आणि शाफ्ट काटकोनात असल्यामुळे पिनियनच्या शंकूची उंची म्हणजेच गिअरची पिच त्रिज्या, मॉड्यूल सारखंच असल्याने त्रिज्यांचं गुणोत्तर तेच दातांचं. कॅल्क्युलेटर डिग्री मोडवर ठेवा, ०.४६ आलं तर ते रेडियन आहे. फक्त ब्लँक टर्न करताना हा अँगल लावू नका, तिथे फेस अँगल लागतो आणि तो अ‍ॅडेंडम अँगलएवढा जास्त असतो.