रोज पालक खाते, तरी हिमोग्लोबिन का वाढत नाही?

“पाचवा महिना चालू आहे. हिमोग्लोबिन ९.८ आलंय. मी मांस, अंडी, दूध काहीच घेत नाही. रोज पालक आणि बीट खाते, तरी आकडा हलत नाही. लोहाच्या गोळीने मळमळतं, पोट साफ होत नाही. गोळी बंद करून नुसत्या आहारावर भागवता येईल का?”

गोळी बंद करू नका. आहार मात्र नक्की बदलू या. तुमच्यासारख्याच एका गर्भवतीचं उदाहरण सांगते, त्यात दोन्हीची कारणं येतील.

तिलाही विसावा आठवडा लागला होता आणि हिमोग्लोबिन तुमच्याइतकंच होतं. फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी, तीही कमी आली होती. त्यामुळे अशक्तपणा लोहाच्या कमतरतेचाच होता, यात शंका नव्हती. मी तिला तीन दिवस जे खाल्लं ते वेळेसकट लिहून आणायला सांगितलं. त्या वहीत लोह बरंच होतं. अडचण होती ती वेळांची. सकाळी ओट्स, कॅल्शियम घातलेलं सोया दूध आणि लगेच कडक चहा. दुपारी पालक, बीट, त्यावर पुन्हा चहा. रात्री डाळ-भात आणि जेवण झाल्या झाल्या लोहाची व कॅल्शियमची गोळी, दोन्ही एकाच घोटाबरोबर.

वनस्पतींतलं लोह शरीरात सहज शिरत नाही. धान्य-कडधान्यांतलं फायटेट आणि चहा-कॉफीतली टॅनिनं त्याला पकडून ठेवतात, कॅल्शियमही शोषण अडवतं. क जीवनसत्त्व उलट काम करतं. ते लोहाचं रूप बदलून त्याला विरघळलेलं ठेवतं, म्हणजे फायटेटच्या हाती ते सहजी लागत नाही. पण हे घडतं पोटात, दोन्ही एकत्र असताना. म्हणून सकाळी खाल्लेलं संत्रं रात्रीच्या डाळीच्या उपयोगी पडत नाही.

पालकाबद्दल मला नेहमी थोडं वाईट वाटतं, इतका विश्वास लोक त्याच्यावर टाकतात. त्यात लोह आहे, पण त्यातलं फारच थोडं अंगी लागतं. बिटात तर १०० ग्रॅममागे १ मिलिग्रॅमही लोह नसतं, लाल रंगावर जाऊ नका. हे दोन्ही खुशाल खा, पण भिस्त कडधान्यांवर ठेवा.

लिंबाचंही तसंच. अर्ध्या लिंबाच्या रसात क जीवनसत्त्व जेमतेम १० मिलिग्रॅम मिळतं आणि उकळत्या डाळीत पिळलं तर त्यातलंही काही जातं. एक मध्यम संत्रं सुमारे ७० मिलिग्रॅम देतं, अर्धा कप चिरलेली कच्ची लाल ढोबळी मिरची जवळपास ९०. पेरू आणि किवीही उत्तम. जेवणाला असा एक भक्कम जोडीदार हवा, लिंबू वरून चवीला.

आठवड्याचा आराखडा करताना आम्ही आधी वेळा बांधल्या. आठ वाजता न्याहारी, एकला दुपारचं जेवण, आठला रात्रीचं. या तिन्हींच्या आधी एक तास आणि नंतर दोन तास चहा-कॉफी नाही. दुपारी साडेचारला चहा, सोया दूध, थोडं खाणं आणि डॉक्टरांनी दिलेली कॅल्शियमची गोळी. लोहाची गोळी रात्री दहाला, पाण्याबरोबर.

मग वार भरले. सोमवारी दुपारी एक कप शिजवलेला मसूर, भात, सोबत टोमॅटो आणि लाल ढोबळीची कोशिंबीर. रात्री परतलेला टोफू आणि संत्रं. मंगळवारी दुपारी काबुली चणे टोमॅटोच्या रश्श्यात, नंतर पेरू. रात्री सोमवारीच जास्त शिजवून ठेवलेल्या मसुराचं सूप आणि कच्ची ढोबळी. बुधवारी चणे भाज्यांच्या कोशिंबिरीत, रात्री टोफू-ढोबळी. गुरुवारी राजमा आणि संत्रं, शुक्रवारी पुन्हा मसूर, शनिवारी सोयाबीन टोमॅटोत शिजवलेलं, रात्री उरलेला राजमा आणि किवी. रविवार तिने मोकळा मागितला आणि मी दिला, अट एवढीच की एका जेवणात कडधान्य आणि फळ एकत्र हवं. न्याहारी सगळे दिवस एकच ठेवली: ओट्स, मूठभर भोपळ्याच्या बिया आणि किवी किंवा संत्रं. सोया दूध तेवढं साडेचारच्या खाण्याकडे गेलं. ओट्स पाण्यात शिजवायला ती आधी कुरकुरली, मग थोडा खजूर घालून खाऊ लागली.

कडधान्यं रात्रभर भिजवून ते पाणी टाकायचं, त्याने फायटेट कमी होतं. मोड आणले तर अजून बरं. मात्र गर्भारपणात मोड कच्चे खायचे नाहीत, पूर्ण शिजवायचे. फळांचा रस करू नका, अख्खं फळ खा, विशेषतः साखर वाढलेली असेल तर.

आता गोळी का हवी ते बघा. सोमवारचा हिशोब: न्याहारीत साधारण ४ मिलिग्रॅम लोह, मसुरात साडेसहा, टोफूत अडीच, बाकी इकडचं तिकडचं धरून दिवसाला १६ च्या आसपास. चांगल्या जोडीने त्यातलं दहा टक्के शोषलं गेलं असं धरलं, तरी दीड मिलिग्रॅम. दुसऱ्या तिमाहीत शरीराला रोज ४ ते ५ मिलिग्रॅम शोषलेलं लोह लागतं, तिसऱ्यात त्याहून जास्त. एका जेवणावर क जीवनसत्त्वाचा जो परिणाम मोजला जातो, तो रोजच्या आहारात तेवढा मोठा राहत नाही, हेही खरं. रिकामा झालेला साठा आहाराने भरून निघणं अवघडच. आहार गोळीच्या मदतीला असतो आणि बाळंतपणानंतरही तोच टिकतो.

तिच्या मळमळीसाठी मी तिला डॉक्टरांकडेच पाठवलं. त्यांनी दिवसातून दोनदा असलेली गोळी एकदाच केली. काहींना ते एक दिवसाआड देतात किंवा गोळीतल्या लोहाचा प्रकार बदलतात. हे स्वतःच्या मनाने करायचं नाही. बद्धकोष्ठता कडधान्यांनी, फळांनी आणि पाण्याने कमी झाली. शी काळी झाली म्हणून ती घाबरली होती, ते गोळीचंच लक्षण असतं. मात्र ती डांबरासारखी चिकट आणि घाण वासाची असेल तर लगेच दाखवायचं.

चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन १०.८ झालं. दोन ते चार आठवड्यांत साधारण एकने वाढ, एवढीच अपेक्षा धरावी. ११ पार केल्यावरही तिची गोळी थांबली नाही, साठा भरायला अजून काही महिने लागतात.

तुम्ही उद्यापासून तीन दिवस वेळेसकट लिहायला घ्या, गोळ्यांच्या वेळाही त्यातच. वेळा सुधारून, गोळी नियमित घेऊन चार आठवड्यांनीही आकडा हलला नाही, तर डॉक्टरांना बी-१२ आणि थॅलेसेमिया मायनरची तपासणी करायची का ते विचारा. दूध-अंडी नसल्याने बी-१२ ची गोळी तर तुम्हाला तशीही लागणारच, ती चालू आहे ना, हे आधी कळवा.